पाणी कुणाचे, तक्रार कुणाकडे?

एप्रिलच्या कोरड्या दिवसांत रस्त्यावर पाणी दिसले की आपण मोबाइल काढतो, फोटो टिपतो आणि महापालिकेकडे तक्रार नोंदवायला घेतो. तिथे पहिलाच प्रश्न येतो: तक्रारीचा प्रकार निवडा. समोर मोठी यादी असते. पाणीगळती, मलवाहिनी तुंबणे, पर्जन्य जलवाहिनी, रस्त्यावरील खड्डा, अस्वच्छता आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. त्यातला एक पर्याय आपण अंदाजाने निवडतो. पुढे कोण येणार, कधी येणार आणि काय घेऊन येणार, हे बरेचसे त्या एका निवडीवर ठरते.

तो अंदाज अनेकदा चुकतो. मग तक्रार भलत्याच खात्याच्या रांगेत जाऊन पडते. ती तिथून उचलून, नीट वाचून, तिचा खरा प्रकार ओळखून योग्य पथकाकडे पाठवणे हे एक स्वतंत्र काम आहे. मुंबईत विभाग कार्यालयातला तक्रार अधिकारी, १९१६ या क्रमांकावर फोन घेणारा कर्मचारी, खात्यातला लिपिक किंवा जागेवर पोहोचलेला कनिष्ठ अभियंता यांपैकी कुणी ना कुणी ते करत असतो. हे काम नीट झाले तर गळती काही दिवसांत दुरुस्त होते. झाले नाही, तर तीच तक्रार महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आणि कागदावर मात्र प्रत्येक वेळी ‘निकाली’ निघते.

एका रस्त्याचे अनेक मालक

तक्रार चुकीच्या रांगेत पडते याचे मूळ नागरिकाच्या अज्ञानात नाही, कामाच्या वाटणीत आहे. नागरिकाला दिसते ते लक्षण: पाणी, वास, खड्डा, अंधार. खात्यांची वाटणी मात्र मालमत्तेप्रमाणे झालेली असते. ही वाहिनी कुणाची, हा खांब कुणाचा, हे झाड कुणाच्या हद्दीतले, यावर. रुग्णाला कुठे दुखते ते सांगता येते, आजाराचे नाव त्याने सांगावे अशी अपेक्षा कुणी करत नाही. तक्रारीच्या यादीत मात्र आपण नागरिकाकडून नेमकी हीच अपेक्षा करतो.

मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचा उभा छेद डोळ्यांपुढे आणा. वरचे डांबर किंवा काँक्रीट रस्ते खात्याचे; लहान गल्ली असेल तर विभाग कार्यालयाच्या परिरक्षण खात्याचे. त्याखाली पिण्याच्या पाण्याची वाहिनी आहे, ती जल अभियंता खात्याची. मैला वाहून नेणारी वाहिनी मलनिःसारण खात्याची. पावसाचे पाणी नाल्यात आणि पुढे समुद्रात सोडणारी वाहिनी पर्जन्य जलवाहिन्या खात्याची. मुंबईत मैल्याचे आणि पावसाचे पाणी वेगवेगळ्या वाहिन्यांतून नेण्याची व्यवस्था आहे, म्हणून खातीही दोन. याखेरीज त्याच रस्त्याखाली गॅसची नळी, विजेच्या आणि दूरसंचाराच्या केबल असतात. त्या महापालिकेच्या नसतातच. पण त्यांच्यासाठी खणलेला चर नीट बुजवला नाही तर जो खड्डा पडतो, त्याची तक्रार मात्र महापालिकेकडे येते.

आता या रस्त्यावर पाणी आले तर ते कोणत्या खात्याचे? वरून पाहून सांगणे कठीण. फुटलेल्या जलवाहिनीचे पाणी चार फूट अंतरावरच्या मलवाहिनीच्या झाकणाशेजारून वर येऊ शकते, कारण पाणी जमिनीखाली सगळ्यात सोपी वाट शोधते. पाहणाऱ्याला मॅनहोल दिसते आणि तो ‘मलवाहिनी तुंबली’ असे निवडतो. त्याच्या जागी कुणीही तेच निवडले असते.

कधी तक्रारीचा प्रकार बरोबर असतो, पण जागेमुळे पथक बदलते. मुंबईतले पथदिवे हे याचे उत्तम उदाहरण. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत शहर भागात हे काम बेस्टकडे आहे, उपनगरांच्या मोठ्या भागात अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणकडे. ‘दिवा बंद आहे’ ही एकच ओळ, पण पत्ता बदलला की जाणारी वाट बदलते. पत्त्यांची ही माहिती जुनी राहिली तरी घोळ होतो. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. ज्या टेबलावर असा बदल नोंदवला जात नाही, तिथून तक्रारी जुन्या मालकाकडे जात राहतात.

वर्गवारी करणारा काय पाहतो

जाणकार माणूस तक्रार हाती आली की आधी तिची यादीतली निवड बाजूला ठेवतो आणि मजकूर वाचतो. नागरिकाने निवडलेला प्रकार हा अंदाज असतो. त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले वाक्य आणि जोडलेला फोटो हा पुरावा असतो.

पहिला प्रश्न जिवाच्या धोक्याचा. पाण्यात विजेची तार पडली आहे का, मॅनहोलचे झाकण उघडे आहे का, गॅसचा वास येतो आहे का? असे असेल तर खात्याची चर्चा नंतर. जे पथक सर्वांत आधी पोहोचू शकते त्याला तिथे पाठवून जागा सुरक्षित करायची, आणि मालक कोण ते मग शोधायचे. तातडी आणि प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की उघड्या मॅनहोलची तक्रार ‘आमचे झाकण नाही’ या वाक्यावर अडून बसते.

दुसरा प्रश्न असा: ही मुळात तक्रार आहे का? बऱ्याच नोंदी तक्रारीच्या रांगेत येतात, पण त्या अर्ज असतात. सोसायटीच्या आवारातल्या झाडाच्या फांद्या छाटून हव्या असतील, तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खालची परवानगी लागते. तिला ठरलेली रीत आहे, पाहणी आहे, वृक्ष अधिकाऱ्याचा निर्णय आहे. ही नोंद ‘धोकादायक फांदी’ म्हणून उद्यान खात्याच्या तक्रारींत पडली, तर पथक येते, खासगी आवार पाहून परत जाते आणि तक्रार बंद होते. नागरिकाला वाटते की खाते टाळाटाळ करते आहे. खरे तर त्याची नोंद तक्रारीतून अर्जात हलवायला हवी होती आणि कोणती कागदपत्रे लागतील ते त्याला कळवायला हवे होते. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार निवारण व्यवस्थेतही म्हणूनच माहिती अधिकाराचे अर्ज, न्यायप्रविष्ट प्रकरणे आणि निव्वळ सूचना तक्रार म्हणून घेतल्या जात नाहीत. त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

तिसरा प्रश्न मालमत्तेचा, म्हणजे वस्तू कुणाची हा. चौथा हद्दीचा. यांची उत्तरे कधी टेबलावर मिळतात, कधी जागेवर जाऊनच मिळतात. कोणते उत्तर कुठे मिळेल याची जाण हेच या कामातले खरे कौशल्य.

एका गळतीचा प्रवास

हे सगळे कसे घडते ते एका कल्पित, पण नेहमीच्या घटनाक्रमातून पाहू. समजा, पश्चिम उपनगरातली एक गल्ली आहे. तिथे पाणीपुरवठा सकाळी सहा ते आठ असा होतो. एप्रिलच्या सुरुवातीला गल्लीच्या वळणावर खड्डा पडला आणि त्यात पाणी साचले.

पहिल्या रहिवाशाने ‘रस्त्यावरील खड्डा’ हा प्रकार निवडला. रस्त्याचे पथक आले, खड्डा भरला, फोटो चढवला, तक्रार बंद केली. खड्डा होता हे खरे आणि तो भरला हेही खरे. पण खालून पाणी डांबराचा थर सोडवत होते. दोन आठवड्यांत खड्डा परत आला.

दुसऱ्या रहिवाशाला खड्ड्याशेजारी मॅनहोल दिसले. त्याने ‘मलवाहिनी तुंबणे’ निवडले. मलनिःसारणाचे पथक आले, झाकण उघडले, आत प्रवाह मोकळा होता. त्यांनी शेरा लिहिला: ‘वाहिनी तुंबलेली नाही. आत स्वच्छ पाणी वाहत होते.’ तक्रार बंद. या शेऱ्यातले दुसरे वाक्य फार मोलाचे होते. कोरड्या हंगामात मलवाहिनीत स्वच्छ पाणी येते आहे म्हणजे कुठून तरी पिण्याचे पाणी तिच्यात झिरपते आहे. पण बंद तक्रारीचा शेरा दुसऱ्या खात्याने वाचावा अशी सोय नव्हती.

तिसऱ्या रहिवाशाने अखेर ‘पाणीगळती’ निवडले आणि खाली लिहिले, ‘रोज सकाळी पाणी वाहते.’ प्रकार बरोबर, खाते बरोबर. जलखात्याचा माणूस मात्र दुपारी दोन वाजता पोहोचला. त्या वेळी वाहिनी रिकामी होती आणि उन्हाने जमीन सुकली होती. शेरा पडला: ‘गळती आढळली नाही.’ तिसरी तक्रारही बंद.

म्हणजे बरोबर खात्याकडे जाणेही पुरेसे नसते. तक्रारीतला कोणता तपशील त्या खात्याच्या कामाचा आहे तो पुढे पोहोचायला हवा. इथे तो तपशील ‘रोज सकाळी’ हे दोन शब्द होते.

आता वर्गवारीचे काम जाणणाऱ्या तक्रार अधिकाऱ्यापुढे चौथी तक्रार येते. ती पुन्हा ‘खड्डा’ या प्रकारात आहे. तो रस्ते खात्याकडे पाठवायच्या आधी त्याच पत्त्याच्या मागच्या दोन महिन्यांतल्या नोंदी काढतो. एकाच वळणावर चार तक्रारी, तीन वेगळे प्रकार, तीन वेळा ‘निकाली’. जागा तीच, तक्रारीचे नाव मात्र वेगवेगळे, ही चुकीच्या वर्गवारीची सगळ्यात ठळक खूण. तो तिन्ही शेरे एकत्र वाचतो: खड्डा पुन्हा पडला, मलवाहिनीत स्वच्छ पाणी, सकाळी वाहते. मग चौथी तक्रार बंद न करता, तिचा क्रमांक आणि मूळ तारीख न बदलता, प्रकार ‘पाणीगळती’ करतो आणि सोबत लिहितो: ‘पाहणी सकाळी साडेसहाला करावी. आधीच्या तीन नोंदी जोडल्या आहेत.’

सकाळी साडेसहाला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याला पाणी उसळताना दिसते. ते कोणते पाणी, हे ठरवायला तो ओटी चाचणी करतो. खेडोपाडी विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर जी चाचणी करतात तीच ही. नमुन्याच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले आणि पाण्यात क्लोरीन असेल, तर ते पिवळे होते. पिण्याच्या पाण्यात जंतू मारून उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असे भारतीय मानक सांगते. म्हणून पिवळा रंग आला की हे पाणी नळाचे, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. उलट अर्थ मात्र तितक्या सहज काढता येत नाही. मातीतून झिरपताना क्लोरीन नाहीसा होतो, त्यामुळे रंग आला नाही म्हणून ते नळाचे पाणी नाहीच असे ठरत नाही. अशा वेळी पुरवठ्याच्या वेळेशी ताळा लावणे अधिक खात्रीचे. पाणी पुरवठ्याबरोबर सुरू होते आणि संपल्यावर ओसरते, तर ते वितरण वाहिनीचे. दिवसभर सारखेच वाहते, तर मोठी जलवाहिनी, भूजल किंवा मलवाहिनी यांचा विचार करावा लागतो.

इथे रंग पिवळा आला आणि वेळही जुळली. पण खाते ठरले तरी मालक ठरलेला नाही. गळती महापालिकेच्या वाहिनीवर आहे की सोसायटीच्या? अभियंता सोसायटीच्या जोडणीवरची झडप बंद करायला लावतो. पाणी थांबले असते, तर गळती झडपेच्या पुढे, सोसायटीच्या नळजोडणीत निघाली असती आणि मग काम परवानाधारक प्लंबरचे ठरले असते. इथे झडप बंद करूनही पाणी वाहत राहिले. मग वाहिनीत दाब असतानाच लोखंडी सळई जमिनीला आणि झडपेला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला जातो. निसटणाऱ्या पाण्याचा आवाज त्या सळईतून ऐकू येतो. वाहिनी रिकामी असेल तर या सळईचा काही उपयोग नाही, म्हणून दुपारची पाहणी इथेही निष्फळच ठरली असती. खणल्यावर गंजलेला सांधा सापडतो.

काम इथे संपत नाही. गळका सांधा आणि मलवाहिनी शेजारीशेजारी आहेत. पुरवठा थांबला की नळातला दाब जातो आणि आजूबाजूचे घाण पाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाऊ शकते. म्हणून या नोंदीतून आणखी दोन नोंदी निघतात: एक, आजूबाजूच्या इमारतींतल्या पाण्याचे नमुने तपासण्याची, दुसरी, खणलेला रस्ता पूर्ववत करण्याची. दोन्ही मूळ क्रमांकाला जोडलेल्या राहतात आणि दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय मूळ तक्रार बंद होत नाही. एका तक्रारीत दोन-तीन खात्यांचे काम असेल, तर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरवत बसण्यापेक्षा असे तुकडे पाडणे केव्हाही बरे. नाहीतर जलखाते वाहिनी दुरुस्त करून ‘काम झाले’ असे लिहिते आणि खणलेला चर पावसाळ्यापर्यंत उघडा राहतो.

‘आमच्या अखत्यारीत नाही’

चुकीच्या रांगेत पडलेल्या तक्रारीचे तीनच शेवट होऊ शकतात. ती योग्य खात्याकडे जाते, ती परत पाठवली जाते, किंवा ती ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा मारून बंद केली जाते. तिसरा शेवट सगळ्यात वाईट, कारण आकडेवारीत तो यशासारखा दिसतो. खात्याचे मूल्यमापन ‘किती तक्रारी निकाली काढल्या’ यावर होत असेल, तर चुकून आलेली तक्रार शोध घेऊन पुढे पाठवण्यापेक्षा बंद करणे कर्मचाऱ्याला सोयीचे वाटते. यात त्या एका माणसाचा दोष मानून चालणार नाही. मोजण्याची पद्धतच त्याला तिकडे ढकलते.

आपल्याकडच्या काही नियमांनी हे ओळखले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ६(३) सांगते की अर्जातली माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल, तर ज्याच्याकडे अर्ज आला त्याने तो शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ५ दिवसांच्या आत, तिकडे हस्तांतरित करायचा आणि अर्जदाराला ते लगेच कळवायचे. या एका कलमात चांगल्या वर्गवारीचे तीन नियम आले आहेत. अर्ज फेटाळायचा नाही. पुढे पाठवायला मुदत आहे. आणि ज्याचा अर्ज आहे त्याला तो कुठे गेला ते सांगायचे आहे. सीपीग्राम्ससाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे लिहून तक्रार बंद करू नये, ती योग्य प्राधिकरणाकडे पाठवावी. २०२४ मध्ये तक्रार निवारणाची मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली गेली. मुदत आखडली की सुरुवातीला चुकीच्या टेबलावर गेलेले पाच-सहा दिवस फार महाग पडतात.

इथे घड्याळाचा प्रश्न येतो. तक्रार जलखात्याकडे आली तेव्हा मुदतीतले निम्मे दिवस दुसऱ्या खात्यात गेले असतील, तर उशिराचा ठपका जलखात्यावर का यावा? तो येऊ नये. पण म्हणून मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो, तर नागरिकाचे वाट पाहणे हिशेबातूनच गळते. उपाय म्हणजे दोन घड्याळे. नागरिकासाठी तक्रार नोंदवल्या तारखेपासून चालणारे एकच, कधीही न थांबणारे. खात्यासाठी, त्याच्या टेबलावर नोंद आल्यापासून चालणारे वेगळे. पहिले घड्याळ संपूर्ण महापालिकेची परीक्षा घेते, दुसरे त्या त्या खात्याची.

परत पाठवण्यालाही मर्यादा हवी. एका खात्याने तक्रार परत पाठवताना केवळ ‘संबंधित नाही’ असे न लिहिता काय पाहिले आणि त्यावरून कोणते खाते वाटते, हे लिहिणे सक्तीचे करावे. ‘मॅनहोल उघडून पाहिले, मोकळे आहे, आत स्वच्छ पाणी, जलखात्याने पाहावे’ एवढी एक ओळ पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचवते. आणि तक्रार दुसऱ्यांदा परत आली, तर टेबलावरचा वाद थांबवून दोन्ही खात्यांच्या अभियंत्यांनी एकाच वेळी जागेवर जावे. काही प्रश्न याखेरीज सुटतच नाहीत. पर्जन्य जलवाहिनीतून उन्हाळ्यात दुर्गंधीयुक्त पाणी वाहत असेल, तर वाहिनी एका खात्याची आणि त्यातला मैला दुसऱ्याच्या विषयातला असतो. कुणीतरी आपल्या शौचालयाची जोडणी चुकीच्या वाहिनीत केलेली असते. ते शोधायला संशयित इमारतीच्या शौचालयात रंगीत द्रावण ओततात आणि ते पर्जन्य वाहिनीत उतरते का पाहतात. एक माणूस वर आणि एक खाली उभा असल्याशिवाय हे काम होत नाही.

चुकांची नोंद ठेवली तर

वर्गवारी बदलून पाठवलेल्या तक्रारी विस्मरणात टाकायच्या नसतात. कोणत्या प्रकारातून कोणत्या प्रकारात किती नोंदी हलवल्या, याची दर महिन्याला साधी उभी-आडवी सारणी केली, तर यादीतला दोष आपोआप दिसतो. ‘मलवाहिनी तुंबणे’ या प्रकारातून सातत्याने ‘पाणीगळती’कडे नोंदी जात असतील, तर नागरिकांना शिकवत बसण्यापेक्षा प्रश्न बदलावा. खात्यांची नावे देऊन निवड करायला लावण्याऐवजी लक्षणे विचारावीत: पाण्याला वास आहे का? ते दिवसभर वाहते की ठरावीक वेळी? जाळीतून येते, गोल झाकणातून की जमिनीतून? ही उत्तरे कुणालाही देता येतात आणि पहिली वाटणी त्यावरून बरीच बरोबर होते.

‘इतर’ हा प्रकारही याच सारणीत पाहावा. तिथे नोंदी साचू लागल्या, तर यादीत काहीतरी राहून गेले आहे हे नक्की. ‘इतर’ला ठरलेले पथक नसते, म्हणून ती नोंद कुणाच्याच टेबलावर नसते. रोज ठरलेल्या वेळी एका जबाबदार माणसाने ती रांग रिकामी करणे एवढाच त्यावर उपाय.

या सगळ्याला मर्यादा आहेत. कितीही चांगला तक्रार अधिकारी असला तरी जमिनीखालचे टेबलावरून दिसत नाही. जुन्या वस्त्यांतल्या वाहिन्यांचे नकाशे अपुरे असतात. रेल्वे, म्हाडा, विमानतळ प्राधिकरण किंवा खासगी जमीन आली की महापालिका आपल्या पथकाला आदेश देऊ शकत नाही, फक्त पत्र पाठवू शकते. अशा वेळी नागरिकाला खरे उत्तर देणे हीच योग्य वर्गवारी असते: ही जागा कुणाची आहे, पत्र कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने गेले आणि तिथे पाठपुरावा कसा करायचा.

आपण काय लिहावे

तक्रार नोंदवताना प्रकार चुकेल याची धास्ती बाळगू नका. प्रकार अंदाजाने निवडा, पण मजकुरात तुम्ही जे पाहिले ते लिहा, तुमचा निष्कर्ष नको. ‘मलवाहिनी फुटली आहे’ यापेक्षा ‘रोज सकाळी सहा ते आठ स्वच्छ पाणी वर येते, वास नाही, शेजारी गोल झाकण आहे’ हे कितीतरी उपयोगाचे. पत्त्यात जवळची खूण, दुकानाचे नाव किंवा खांबाचा क्रमांक द्या. फोटो दोन घ्या: एक जवळून, एक जागा ओळखू येईल असा लांबून. त्याच ठिकाणची आधीची तक्रार असेल, तर तिचा क्रमांक नव्या तक्रारीत जरूर लिहा. वेगवेगळ्या रांगांत विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

आणि तक्रार ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असे लिहून बंद झाली, तर नवी नोंदवण्याआधी तीच पुन्हा उघडायची सोय आहे का पाहा, आणि एकच प्रश्न लेखी विचारा: मग ती कोणत्या खात्याकडे पाठवली, आणि कोणत्या तारखेला? या प्रश्नाचे उत्तर मिळवणे हा आपला हक्क आहे. तो सोडू नका.